मदत हवी आहे: सोसायटीने फ्लॅट ट्रान्सफरचे जास्तीचे घेतलेले पैसे परत कसे मागायचे?

विशाखा_क:
नमस्कार. मार्चमध्ये रिसेलचा फ्लॅट घेतला. सोसायटीने ट्रान्सफरच्या नावाखाली एकूण १,७५,६०० रुपये घेतले. आता कळतंय की २५,००० च्या वर घेताच येत नाही. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणतात, "सगळे देतात, तुम्हीही दिलेत, विषय संपला." शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं आहे. मला पैसे परत हवे आहेत. पत्र कोणाला लिहायचं आणि त्यात काय लिहायचं? लवकर सांगा, पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे.

डेक्कनवाला:
स्टॅम्प ड्यूटीचे पैसे परत मिळतात, पण मुदत असते. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. रजिस्ट्रेशन फी मात्र परत मिळत नाही.

विशाखा_क:
अहो, स्टॅम्प ड्यूटीचा काही प्रश्न नाही. सोसायटीने घेतलेल्या पैशांबद्दल विचारते आहे.

लेखापाल_निवृत्त:
ताई, तुम्ही नेमकं हवं तेच लिहिलेलं नाही. सोसायटी कुठे आहे, महानगरपालिका हद्दीत की ग्रामपंचायतीत? पावत्या किती आणि कोणत्या शीर्षाखाली? पैसे कोणाच्या खात्यातून गेले, तुमच्या की विकणाऱ्यांच्या? आणि कुठे सही केलीत का? तुमची बाजू किती भक्कम आहे ते यावर ठरणार.

विशाखा_क:
पुण्यात, महानगरपालिका हद्दीत. निवासी गृहनिर्माण संस्था आहे, खाली दुकानं नाहीत. दोन पावत्या आहेत. एक २५,६०० ची: प्रीमियम २५,०००, हस्तांतरण शुल्क ५००, प्रवेश फी १००. दुसरी १,५०,००० ची, "इमारत निधीस ऐच्छिक देणगी". दोन्ही चेक माझे. हो, एका छापील कागदावर सही घेतली होती, "मी स्वेच्छेने देत आहे" असा. तेव्हा एनओसी अडली होती आणि बँकेला ती हवी होती.

खजिनदार_ब_विंग:
मीही एका सोसायटीचा खजिनदार आहे, दुसरी बाजूही ऐका. आमची इमारत पस्तीस वर्षांची आहे. लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेज, एवढा पैसा आणायचा कुठून? नवीन माणूस तयार इमारतीत येतो, त्याने हातभार लावायला नको? शिवाय सर्वसाधारण सभेने ठराव केला असेल तर तो सर्वांना बंधनकारक असतो. आणि तुम्ही लिहून दिलं आहे. लिहून दिल्यावर परत मागणं बरोबर नाही.

लेखापाल_निवृत्त:
खजिनदारसाहेब, इमारतीची गरज खरी आहे, पण ठरावाचं म्हणणं चुकीचं आहे. मी सत्तावीस वर्षं सोसायट्यांचे हिशेब तपासले आहेत. ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचं आहे. महानगरपालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा २५,०००. सभेला दर ठरवता येतो, पण त्या मर्यादेच्या आत. आदर्श उपविधी ३८ मध्ये तर हेही लिहिलं आहे की देणगी, इतर कोणत्या निधीला वर्गणी किंवा आणखी कोणत्याही सबबीखाली जादा रक्कम विकणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून घेता येणार नाही. दुरुस्तीला पैसा हवा असेल तर दुरुस्ती निधी सर्व सभासदांकडून घ्या. एकट्या येणाऱ्याच्या गळ्यात नको.

विशाखाताई, आता मला तारखा हव्यात. देणगीची पावती, एनओसी आणि समितीच्या मंजुरीचा ठराव, तिन्हींच्या. देणगी मागणारा मेसेज आहे का?

मुलुंडचा_समीर:
माझंही असंच झालं. वडील गेल्यावर नॉमिनेशनप्रमाणे फ्लॅट माझ्या नावावर करताना २५,००० घेतले. मला वाटत होतं ते घेतातच. म्हणजे तेही चुकीचं का?

लेखापाल_निवृत्त:
समीर, कुटुंबातल्या व्यक्तीला हस्तांतरण असेल किंवा सभासद गेल्यावर वारस-नॉमिनीच्या नावावर जात असेल, तर प्रीमियम मुळीच लागत नाही. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. इथे ताईंचंच बोलू.

विशाखा_क:
तारखा बघितल्या. देणगीची पावती नंबर २१२, प्रीमियमची २१३, दोन्ही १४ मार्चच्या. एकाच पेनने, एकाच हाताने लिहिलेल्या. एनओसीवरही १४ मार्च आहे. १० मार्चचा सेक्रेटरींचा व्हॉट्सॲप मेसेज सापडला: "करारमूल्याच्या ३% बिल्डिंग फंड जमा केल्यावर एनओसी देता येईल." माझं करारमूल्य ५० लाख आहे.

लेखापाल_निवृत्त:
मग तुमचं काम पुष्कळ सोपं झालं. ५० लाखांचे तीन टक्के म्हणजे बरोबर १,५०,०००. देणगी स्वेच्छेची असती तर टक्केवारीत बसली नसती आणि एनओसीच्या आधी मागितली गेली नसती. छापील कागदाची भीती बाळगू नका. मजकूर सोसायटीने टाइप केला, तारीख एनओसीचीच, पावती नंबर लागोपाठ. हे तिन्ही कागद शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ मेसेज फोनमधून पुसू नका, फोनही बदलू नका.

कायदेशीर_आनंद:
सुप्रीम कोर्टानेच २०१८ मध्ये सोसायट्यांच्या बाजूने निकाल दिला आहे ना? ट्रान्सफर फी चालते म्हणून. त्यामुळे हे सगळं इतकं सोपं नाही.

लेखापाल_निवृत्त:
तो निकाल आयकराचा आहे. सभासदांकडून आलेल्या अशा पैशांवर कर लागतो का, एवढाच तिथे प्रश्न होता. मर्यादेपेक्षा जास्त घ्यायला परवानगी असा त्याचा अर्थ नाही. हे परिपत्रक व्यापारी जागांच्या प्रिमायसेस सोसायट्यांना लागू होत नाही असं मात्र त्यात आहे, म्हणूनच मी आधी निवासी आहे का ते बघत होतो. उलट मुंबई उच्च न्यायालयाने २००९ च्या एका आयकर प्रकरणात म्हटलं होतं की उपविधी किंवा सरकारी निर्देशांपेक्षा जास्त घेतलेली रक्कम सोसायटीने परत करायला हवी, ठेवून घेतली तर ती नफ्यासारखी ठरून तिच्यावर कर लागेल. खजिनदारांना हे नक्की सांगा.

खजिनदार_ब_विंग:
कराचं मला माहीत नव्हतं. आमच्या ऑडिटरला विचारतो. पण एक सांगतो, सभेत उभं राहून भांडू नका. शेजारी राहायचं आहे. मुलं एकत्र खेळतात, उद्या पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावर हेच लोक लागतील.

सुधा_काकू:
याच्याशी मी सहमत आहे. विशाखा, आमच्याकडे एका सुनेने सभेत ओरडून विषय मांडला आणि पुढची दोन वर्षं तिच्याशी जिन्यात कोणी बोललं नाही. आधी शांतपणे लेखी दे. बाळा, कागद सगळ्यांना शांत बसवतो.

माहिती_हक्क:
सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका सोसायटीला. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागेल.

लेखापाल_निवृत्त:
सोसायटीला माहिती अधिकार थेट लागू होत नाही. सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटलं आहे. निबंधक कार्यालयात असलेली कागदपत्रं मात्र तिथून मागता येतात. सभासद म्हणून ताईंना उपविधीनुसार ठरावाची प्रत आणि स्वतःचं खातं शुल्क भरून मिळू शकतं. तोच रस्ता जवळचा.

विशाखा_क:
काका, मग पत्रात नेमकं काय लिहू?

लेखापाल_निवृत्त:
एका पानाचं पत्र. आरोप नको, 'खंडणी' वगैरे शब्द तर अजिबात नको. साधारण असं:

"१४ मार्च रोजी पावती क्र. २१३ अन्वये रु. २५,६०० आणि पावती क्र. २१२ अन्वये रु. १,५०,००० माझ्याकडून स्वीकारण्यात आले. दि. ९ ऑगस्ट २००१ चे परिपत्रक व उपविधी ३८ अन्वये महानगरपालिका क्षेत्रात प्रीमियमची कमाल मर्यादा रु. २५,००० असून देणगी वा अन्य सबबीखाली जादा रक्कम घेण्यास मनाई आहे. १० मार्चच्या संदेशात ही रक्कम एनओसीची अट म्हणून मागण्यात आली होती, त्यामुळे ती ऐच्छिक नव्हती. कृपया (१) ही रक्कम कोणत्या ठरावाच्या व तरतुदीच्या आधारे घेतली ते कळवावे, (२) त्या ठरावाची प्रमाणित प्रत द्यावी, (३) रु. १,५०,००० पंधरा दिवसांत माझ्या खात्यात परत करावेत."

२५,६०० परत मागू नका. तेही मागितलं की समिती तेवढंच धरून बसेल आणि खरा मुद्दा बाजूला पडेल. सोबत पावत्या, मेसेज आणि त्या छापील कागदाची छायाप्रत लावा. एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले', तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा.

कायदेशीर_आनंद:
आणि उत्तर नाही आलं तर थेट सहकार न्यायालयात कलम ९१ खाली दावा. निबंधकाकडे जाऊन वर्ष जातं.

लेखापाल_निवृत्त:
मी आधी उपनिबंधकांकडे जाईन. जादा प्रीमियमची मागणी हा विषय आदर्श उपविधींमध्येच निबंधकांकडे करायच्या तक्रारींत आहे. खर्च थोडा आणि नोटीस निघाली की बऱ्याच समित्या तिथेच पैसे देतात. पण तुमचं एक खरं आहे: समितीने "ती देणगीच होती" असं धरून ठेवलं तर उपनिबंधक म्हणू शकतात की हे पुराव्याचं भांडण आहे, न्यायालयात जा. त्या टप्प्यावर वकील लागेल आणि मुदतीचा प्रश्न वकिलालाच दाखवावा लागेल. म्हणून पत्र आता द्या, उशीर नको.

सुधा_काकू:
विकणाऱ्यांनी अर्धे दिले होते का गं? आमच्याकडे तसं ठरवतात.

विशाखा_क:
अरे हो, हे सांगायचंच राहिलं. आमच्यात ट्रान्सफरचे पैसे निम्मे-निम्मे ठरले होते, आणि त्यांच्या वाट्याचे ८७,८०० मी शेवटच्या हप्त्यातून कापून घेतले होते. चेक माझेच गेले.

लेखापाल_निवृत्त:
ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. पावती तुमच्या नावाची असल्याने सोसायटीकडून मागणी तुम्हीच करा. पण १,५०,००० आले तर त्यातले ७५,००० खरं तर त्यांचे. त्यांना आत्ताच फोन करून सांगा आणि त्यांची लेखी संमती पत्राला जोडा. नाहीतर समिती त्यांनाच पुढे करून म्हणेल की तुमचे पैसे नव्हतेच.

विशाखा_क:
फोन केला. ते म्हणाले, मिळाले तर अर्धे द्या, सही करून देतो. पत्र आज संध्याकाळी दिलं. शिक्का दिला नाही, म्हणाले "समितीत ठेवतो", म्हणून स्पीड पोस्टही केलं. आणखी एक: खालच्या मजल्यावरच्या काकांनीही २०२२ मध्ये असेच ९०,००० दिले होते आणि त्यांच्याकडे पावतीच नाही, रोख दिले होते. त्यांचं काही होईल का?

लेखापाल_निवृत्त:
रोखीचं अवघड आहे. त्या वर्षाच्या ताळेबंदात इमारत निधीत ते ९०,००० दिसतात का हे आधी बघा. सभेच्या आधी ताळेबंदाची प्रत मागा, २०२२ चीही.