मदत हवी आहे: क्लायझन कंडेन्सेशनमध्ये बेस पूर्ण एक इक्विव्हॅलंट का?

टी.वाय.च्या अंतर्गत परीक्षेत एथिल अ‍ॅसिटेट आणि सोडियम एथॉक्साइडची मेकॅनिझम लिहिली. इनोलेट दुसऱ्या एस्टरवर गेला, एथॉक्साइड बाहेर पडलं, अ‍ॅसिटोअ‍ॅसेटिक एस्टर तयार. एथॉक्साइड परत मिळतंय म्हणून बेसपुढे ‘कॅटॅलिटिक’ लिहिलं आणि तिथेच मार्क गेले.

आता मला समजलंय ते असं: तोपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या उलटसुलट होणाऱ्या आहेत आणि समतोल मूळ एस्टरकडेच झुकलेला असतो. पण दोन कार्बोनिलमधल्या CH₂ चा pKa साधारण 11, इथेनॉलचा 16. म्हणून सुटलेलं एथॉक्साइड लगेच तो प्रोटॉन ओढतं आणि समतोल पुढे सरकतो. म्हणजे तयार होणारा प्रत्येक रेणू एक बेस खाऊन टाकतो. शेवटी अ‍ॅसिड घातल्यावरच एस्टर हाती येतो. एथिल आयसोब्युटिरेटमध्ये असा प्रोटॉनच उरत नाही, म्हणून एथॉक्साइडने तिथे काही जमत नाही.

हे बरोबर आहे ना? आणि पाच मार्कांच्या उत्तरात आयसोब्युटिरेटचं उदाहरण घालावं, की शेवटच्या डिप्रोटोनेशनचे बाण नीट काढले की पुरे? पेपर तपासणाऱ्यांपैकी कुणी सांगाल का?