कॉलबॅकला मराठीत काय म्हणावं?

खडूफळा: अकरावीच्या मुलांना सी शिकवते. कॉलबॅक समजावताना मी शिंप्याचं उदाहरण देते. ब्लाउज शिवायला टाकला, वहीत आपला नंबर लिहून ठेवला, घरी आलो. शिवून झाला की तो फोन करतो, आपण रोज चकरा मारत नाही. मुलांना हे पटतं. अडतंय ते शब्दाशी. ‘प्रत्याह्वान’ म्हटलं तर वर्ग हसला. फंक्शन पॉइंटरला ‘कार्यदर्शक’ म्हटलं, तर एकाने विचारलं, “मॅडम, दर्शक म्हणजे प्रेक्षक ना?” काही सुचतंय का?

वरणफळ: मिस्ड कॉल म्हणा की! आम्ही हॉस्टेलवरून घरी एक रिंग द्यायचो, बाबा उलट फोन करायचे. पैसे त्यांचे.

खडूफळा: गंमत सोडली तरी त्यात तथ्य आहे. मिस्ड कॉलमध्येही बोलणं होत नाही, फक्त नंबर पोचतो. पण बाबा लगेच फोन करायचे. शिंपी काम झाल्यावर करतो.

अर्धविराम: सोपं आहे. फंक्शन पॉइंटर म्हणजे नंबर, कॉलबॅक म्हणजे नंतर येणारा फोन. ‘परतफोन’ म्हणा, विषय संपला. कॉलबॅक नेहमी नंतरच चालतो, त्यामुळे शब्दात ‘परत’ हवंच.

जुना_कंपायलर: ‘नेहमी नंतर’ हे खरं नाही. मॅडम सी शिकवतात, तर तिथलंच घ्या:

```c
qsort(gun, 40, sizeof gun[0], tulna);
```

इथे `tulna` हा कॉलबॅक आहे, पण नंबर ठेवून घरी जायची सोय नाही. मावशींकडे पत्रिकांचा गठ्ठा लावायला द्यावा आणि त्यांनी आपल्याला समोरच बसवून ठेवावं, तसं हे आहे. त्या दोन पत्रिका उचलतात आणि विचारतात, “यातली आधी कुठली?” पहिली आधी असेल तर आपण ऋण आकडा सांगायचा, दुसरी असेल तर धन, दोन्ही सारख्या असतील तर शून्य. किती वेळा विचारायचं ते मावशी ठरवणार. गठ्ठा लागला की मगच `qsort` परत येतं आणि आपण उठतो. सगळे फोन आपण दुकानात असतानाच येऊन गेले.

अर्धविराम: मान्य. मी जावास्क्रिप्टवाला, आमच्याकडे बहुतेक वेळा थांबायचंच असतं.

पहिली_नोकरी: थोडं विषयांतर, पण माझा एक दिवस यातच गेला. पाच सेकंदांनी निरोप दिसायला हवा होता, तो पान उघडताक्षणी दिसायचा आणि नंतर काहीच नाही. मी 5000 चे 50000 करून पाहिले, तरी तेच!

```js
setTimeout(nirop(), 5000);
```

जुना_कंपायलर: विषयांतर कसलं, शब्दाची खरी अडचण हीच आहे. `nirop` हा नंबर, `nirop()` म्हणजे तो नंबर फिरवणं. तुम्ही शिंप्याच्या दुकानात उभं राहून स्वतःच फोन लावलात, बोललात आणि वहीतली जागा कोरी सोडलीत. तुमच्या फंक्शनने काही परत दिलं नसेल, तर `setTimeout` च्या हाती `undefined` पडलं. ब्राउझर यावर गप्प बसतो. हेच Node मध्ये चालवलं असतं तर त्याने फंक्शन हवं म्हणून तिथल्या तिथे एरर दिली असती. कंस काढा:

```js
setTimeout(nirop, 5000);
```

आणि 5000 म्हणजे निदान पाच सेकंद. मधे दुसरं लांबलचक काम चालू असेल तर फोन उशिरा येतो. शिंप्यांचंही असंच असतं म्हणा.

पहिली_नोकरी: कंस! पण मला `nirop('झालं')` असा मजकूर पाठवायचा असेल तर? तिथे कंस लागणारच ना?

अर्धविराम: `() => nirop('झालं')` लिही. म्हणजे नवा नंबर घेतला, आणि तो उचलणाऱ्याला काय बोलायचं ते आधीच सांगून ठेवलं.

खडूफळा: मग मला वाटतं आपण तीन वस्तूंना एकच शब्द शोधतोय. ऑफिसात लोक म्हणतात “कॉलबॅक पास कर”, तिथे तो नंबर. “कॉलबॅक लिहिला”, तिथे फोन उचलणारा. “कॉलबॅक आला नाही”, तिथे घंटी. ‘परतफोन’ फक्त तिसऱ्याला बसतो.

वरणफळ: ‘उलटहाक’?

जुना_कंपायलर: तीही घंटीच. फोन उचलणाऱ्याला उलटहाक कसं म्हणणार? पॉइंटरला मात्र मी सरळ ‘पत्ता’ म्हणेन. सीमध्ये तो खरोखर पत्ताच असतो, आणि नुसतं `tulna` लिहिलं की फंक्शनचा पत्ताच मिळतो.

अर्धविराम: पण पत्त्यावर माणूस जातो, फोन नाही. मॅडमचा शिंपी मग घरी ब्लाउज घेऊन येणार का?

खडूफळा: आमचा येतो कधीकधी. सोमवारी वर्गात शिंपी तसाच ठेवते, `qsort` ला मावशी घेते. शब्द अजून हवाच आहे.