‘मिश्र आल्डोल’मधलं ‘मिश्र’ नक्की कशाचं?

मिऱ्याबंदर
रत्नागिरीत टीवायला आहे, केमिस्ट्री घेतलंय. नोट्समध्ये ‘क्रॉस्ड आल्डोल’ला ‘मिश्र आल्डोल’ म्हटलंय. मी पेपरात लिहिलं की उत्पादनांचं मिश्रण मिळतं म्हणून मिश्र. मैत्रीण म्हणते, दोन वेगळे कार्बोनिल घेतात म्हणून मिश्र. कोण बरोबर? आणि दोघांनाही अल्फा हायड्रोजन असेल तर ‘चार उत्पादने’ एवढीच एक ओळ दिलीये. ही चार येतात कुठून?

परशुराम_घाट
मैत्रीण बरोबर. भाग घेणारे दोन वेगळे, म्हणून मिश्र. पण मिश्रण नको असेल तर उपाय सोपा आहे: एक कार्बोनिल अल्फा हायड्रोजन नसलेलाच घ्यायचा, उदाहरणार्थ बेन्झाल्डिहाइड. दोघांनाही अल्फा हायड्रोजन असेल तर ती अभिक्रिया करायचीच नसते. आम्हाला असंच शिकवलंय.

वेंगुर्ले_निवृत्त
शब्दाबद्दलचं पहिलं वाक्य अगदी बरोबर. बेन्झाल्डिहाइडचा मार्गही खरा आहे, पण तो या प्रश्नाचं उत्तर नाही. ‘करायचीच नसते’ हे तर सोडूनच द्या. ती रोज केली जाते, फक्त कॉस्टिक टाकून नाही.

बाळ, चार कुठून येतात ते इथेनाल आणि प्रोपेनालवर बघ. दोघांपैकी कुणीही इनोलेट होऊ शकतो आणि कुणीही मार खाणारा कार्बोनिल होऊ शकतो. इथेनाल स्वतःशी जुळला की ३-हायड्रॉक्सीब्युटेनाल. प्रोपेनाल स्वतःशी जुळला की ३-हायड्रॉक्सी-२-मिथाइलपेंटेनाल. इथेनालच्या इनोलेटनं प्रोपेनालवर हल्ला केला तर ३-हायड्रॉक्सीपेंटेनाल, आणि उलट झालं तर ३-हायड्रॉक्सी-२-मिथाइलब्युटेनाल. क्रॉस्ड हे नाव शेवटच्या दोघांचंच. तापवलंस तर प्रत्येकातून पाणी जाऊन आणखी चार असंतृप्त आल्डिहाइडं येतात.

आता कारण. साध्या आल्डिहाइडचा पीकेए १७ च्या आसपास, पाण्याचा १५.७. म्हणजे सौम्य कॉस्टिकमध्ये कुठल्याही क्षणी थोडेच रेणू इनोलेट झालेले असतात, बाकीचे तसेच कोरे. दोन्ही भूमिका दोघांकडेही एकाच वेळी हजर. शिवाय आल्डोल उलट फिरतो, त्यामुळे झालेली जोडी सुटून पुन्हा दुसऱ्याशी जुळते. हापूसचं कलम बांधताना खुंट कुठला आणि काडी कुठली हे आधी ठरलेलं असतं. कॉस्टिकमध्ये ते कुणी ठरवलेलंच नसतं. एकच उत्पादन हवं तर ते आपण ठरवायचं.

मिऱ्याबंदर
सर, ठरवायचं म्हणजे प्रत्यक्षात कसं?

वेंगुर्ले_निवृत्त
एकच उदाहरण घेतो, पण नीट. २-पेंटेनोन आणि ब्युटेनाल. हवं आहे ६-हायड्रॉक्सीनोनेन-४-ओन, म्हणजे कीटोनच्या कार्बोनिललगतच्या मिथाइलवर ब्युटेनाल जोडायचा.

कॉस्टिक घातलंस तर ब्युटेनाल कीटोनकडे फारसं बघणारच नाही. तो जास्त आम्लधर्मी आणि हल्ल्यालाही जास्त सोपा, त्यामुळे स्वतःशीच जुळून शेवटी २-इथाइलहेक्स-२-इनाल होतो. त्यात कीटोनला दोन बाजू, मिथाइलची आणि CH₂ ची. म्हणजे गोंधळ चारापुरताही राहत नाही.

म्हणून आधी कोरड्या टीएचएफमध्ये डायआयसोप्रोपाइलअमीन आणि ब्युटाइललिथियमपासून एलडीए हा तीव्र बेस करायचा. भांडं ड्राय आइस-ॲसिटोनमध्ये उणे ७८ अंशांवर. एलडीए कीटोनपेक्षा किंचित जास्त, साधारण १.०५ पट. मग कीटोन थेंबथेंब एलडीएमध्ये सोडायचा. उलट क्रमानं कधीच नाही. उलट केलंस तर इनोलेटसमोर कोरा कीटोन पडून राहतो, त्यांच्यात प्रोटॉनची देवघेव होते आणि इनोलेट जास्त स्थिर अशा CH₂ च्या बाजूला सरकतो. एलडीए आडदांड आहे, थंडीत त्याला मिथाइलचाच प्रोटॉन सहज हाती लागतो. त्या अमीनचा पीकेए ३६ च्या घरात, त्यामुळे कीटोन पुरताच इनोलेट होतो, कोरा उरत नाही.

अर्ध्या तासानं ब्युटेनाल, तोही थेंबथेंब, थंडीतच. दहा-पंधरा मिनिटांत अमोनियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण घालून थांबवायचं. लिथियम दोन्ही ऑक्सिजनना धरून ठेवतो म्हणून जोडी सुटत नाही. गरम होऊ दिलंस तर सुटायला लागते.

ब्युटेनाल त्याच दिवशी ऊर्ध्वपातित केलेला हवा. बाटलीत हवा लागून त्यात ब्युटिरिक ॲसिड होतं आणि ते इनोलेट खाऊन टाकतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काचेवर नुसती दमट हवा बसते, म्हणून भांडी ओव्हनमधून काढून नायट्रोजनखालीच गार करावीत.

लोटे_दुसरी_पाळी
आमच्याकडे एलडीए वगैरे काही नाही. गवती चहाच्या तेलातला सिट्राल आणि ॲसिटोन, सौम्य कॉस्टिक, आणि स्यूडोआयोनोन चांगला मिळतो. ॲसिटोन भरपूर जास्त आणि सिट्राल हळूहळू. मग एवढा खर्च कशाला?

वेंगुर्ले_निवृत्त
दादा, तुमचं उदाहरण फार चांगलं आहे, पण तिथं निसर्गच तुमच्या बाजूनं आहे. सिट्रालच्या अल्फा कार्बनवर दुहेरी बंध असल्यानं तो ब्युटेनालसारखा सहज इनोलेट होत नाही. ॲसिटोन स्वतःशी जुळला तरी समतोल ॲसिटोनकडेच झुकलेला. आणि शेवटी पाणी गेलं की परत फिरणं अवघड. म्हणून जास्त ॲसिटोन आणि हळू भर एवढ्यावर निभावतं. हीच युक्ती ब्युटेनाल-पेंटेनोनवर करून बघा, ब्युटेनाल स्वतःशी जुळणं सोडणार नाही.

लोटे_दुसरी_पाळी
मान्य. तरी एक सांगतो, कॉस्टिक जास्त झालं की आमच्याकडेही मिथाइलहेप्टेनोन येतो, सिट्राल फुटून. तेव्हा निसर्ग तेवढाही बाजूनं नाही.

मिऱ्याबंदर
आणि चुकलं हे कसं कळणार?

वेंगुर्ले_निवृत्त
टीएलसीवर आधी. २-इथाइलहेक्सिनालचा ठिपका यूव्ही दिव्याखाली ठळक काळा दिसतो. हवा असलेला हायड्रॉक्सीकीटोन तिथं जवळपास दिसतच नाही, परमँगनेटमध्ये बुडवल्यावर पिवळा उठतो. दिव्याखाली ठळक ठिपका दिसला की ब्युटेनाल स्वतःशी जुळलाय. प्रोटॉन एनएमआरमध्ये त्याच इनालचा आल्डिहाइड प्रोटॉन ९.४ च्या आसपास एकटा उभा असतो. आपल्या उत्पादनाला ४ च्या आसपास CH–OH चा गुंता दिसायला हवा.

परशुराम_घाट
मग इथेनाल आणि प्रोपेनालही एलडीएनंच होईल की.

वेंगुर्ले_निवृत्त
नाही, इथं सगळे फसतात. आल्डिहाइड इतका तत्पर की प्रोटॉन निघतोय तोवरच झालेला इनोलेट उरलेल्या आल्डिहाइडला धरतो, उणे ७८ लाही. त्याला आधी झाकावं लागतं. विटिग यांनी १९६३ मध्ये दाखवलेला मार्ग असा: आल्डिहाइडचं सायक्लोहेक्झाइलअमीनशी इमीन करायचं, त्या इमीनला एलडीए द्यायचं, मग दुसरा कार्बोनिल घालायचा. शेवटी आम्लानं इमीन सोडवताना बहुधा पाणीही जातं, म्हणजे हाती असंतृप्त आल्डिहाइड येतो. हायड्रॉक्सी टिकवायचा तर १९७३ चा मुकाइयामाचा मार्ग बघ: सिलिल इनोल ईथर आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड.

प्रोलिन उत्प्रेरक म्हणून वापरूनही काम झालंय. मॅकमिलन यांच्या गटानं २००२ मध्ये प्रोपेनाल संथपणे आयसोब्युटिराल्डिहाइडमध्ये सोडून क्रॉस्ड उत्पादन मिळवलं. पण तिथं दुसरा आल्डिहाइड अल्फा कार्बनवर दाटीचा, इनामिन होऊन हल्ला करायला नाखूश. इथेनाल-प्रोपेनालमध्ये एवढा फरक नाही.

परशुराम_घाट
मग शब्द ‘संकर आल्डोल’ का नको? मिश्र वाचलं की मिश्रणच आठवतं.

मिऱ्याबंदर
संकर चालेल, पण एलडीएवाल्या पद्धतीला मग काय म्हणायचं? इंग्रजीत तिला डिरेक्टेड म्हणतात.

वेंगुर्ले_निवृत्त
‘दिष्ट’ असं मी वर्गात वापरत असे, कुणाला आवडलं नाही. संकरावर माझा आक्षेप नाही, पण परीक्षकाला मिश्रच ओळखीचा आहे. तू मिश्र लिही आणि पुढं एक वाक्य जोड: मिश्र हे अभिकारक, उत्पादन नव्हे.