५६ डिग्री वेज: मे महिन्यातली टणक जमीन आणि जुलैतला चिखल, दोन्हीला एकच बाउन्स चालेल का?

काळीमाती:
नमस्कार मंडळी. पुण्यात गोल्फ खेळतो, हँडिकॅप १६. सेटमधली पिचिंग वेज ४४ डिग्रीची आहे, तिच्यानंतर ५०. आता ५६ घ्यायची आहे आणि बजेट एकाच वेजचं आहे. व्होकीच्या ५६ मध्ये चार पर्याय दिसतात: १४ बाउन्स एफ ग्राइंड, १२ डी, १० एस आणि ८ एम. एप्रिल-मेमध्ये हरळी वाळते आणि खालची जमीन फरशीसारखी होते. जुलैत तीच माती बुटाला चिकटून घरापर्यंत येते. चिप मारताना माझे हात बॉलच्या बरेच पुढे असतात. फेस क्वचितच उघडतो, बंकरमध्येच काय तो. कोणती घेऊ?

बोगीबहाद्दर:
यात एवढं काय? टणक जमिनीला कमी बाउन्स, मऊ जमिनीला जास्त. आपल्याकडे वर्षातले आठ महिने कोरडे. ८ एम घ्या आणि मोकळे व्हा. पावसाळ्यात निम्म्या राउंड तशाही बुडतात.

घासकाम:
बोगीबहाद्दर, नियम अर्धा बरोबर आहे. राहिलेला अर्धा भाग असा की वेजवर कोरलेला बाउन्सचा आकडा, म्हणजे क्लबचा तळ किंवा सोल पुढच्या कडेपासून मागे किती डिग्री खाली उतरतो तो, शाफ्ट सरळ उभा असतानाचा असतो. काळीमाती हात पुढे ठेवतात म्हणतात. शाफ्ट लक्ष्याच्या दिशेने जितकी झुकते, साधारण तितका बाउन्स कमी होतो. झुकाव ६ डिग्री धरला तर ८ ची वेज जमिनीला लागताना २ ची उरते. त्यात डाउनस्विंग खड्या कोनातून येत असेल तर तेही उरत नाही, पुढची कड सुरीसारखी खाली जाते. जुलैत ती मातीत रुतेल आणि बॉल दोन हात पुढे जाऊन थांबेल. मे महिन्यातही सुटका नाही. जमीन टणक असली तरी वाळक्या हरळीच्या आडव्या काड्यांची जाळी वर असते, सुरी त्यात अडकते. क्लब अडकला की मनगट पुढे ढकलतं, आणि पुढच्या वेळी त्या भीतीने माणूस हात वर उचलतो. मग बॉल थिन निघतो आणि दोष बाउन्सवर जातो.

बोगीबहाद्दर:
पण जास्त बाउन्सने पुढची कड जमिनीपासून वर राहते हे तर खरं ना? टणक जमिनीवर बॉलच्या पोटात घुसणार.

घासकाम:
राहते, पण किती ते मोजू. सोल जमिनीला जिथे टेकतो ती जागा पुढच्या कडेपासून १० मिलिमीटर मागे आहे असं समजा. १४ बाउन्सला कड सुमारे अडीच मिलिमीटर वर राहते, ८ ला दीडच्या आसपास. फरक एका मिलिमीटरचा. बॉलची त्रिज्या २१ मिलिमीटरच्या थोडी वर असते, म्हणजे दोन्ही वेळा कड बॉलच्या मध्यरेषेच्या खूप खालीच आहे. आधी बॉल, मग जमीन असा फटका बसला तर या एका मिलिमीटरने काही बिघडत नाही.

बिघडतं ते सोल बॉलच्या दोन-तीन बोटं मागे आपटला की. मऊ जमिनीत सोल थोडा आत दबतो आणि सरकतो, चूक पचते. फरशीवर तो दबू शकत नाही, उसळतो, आणि कड बॉलच्या मध्यावर येऊन लागते. रुंद सोल आणि मोठा बाउन्स असेल तर ही उसळी जास्त. तेव्हा तुमचा नियम लागू पडतो, पण तो मागे आपटणाऱ्याला किंवा फेस उघडणाऱ्याला. हात पुढे ठेवून खड्या कोनातून येणाऱ्याला नाही.

नववाहोल:
मध्येच विचारतो. १४ बाउन्स घेतला तर बॉल ग्रीनवर पडल्यावर जास्त उसळेल ना? आमच्या कोर्सवर ग्रीन आधीच कडक आहेत, मला थांबणारा बॉल हवा.

रानवारा:
नववाहोल, नावामुळे गोंधळ होतो खरा. हा बाउन्स सोलचा आहे, बॉलचा नाही. बॉल थांबणं लॉफ्टवर, खाचा किती झिजल्यात त्यावर आणि फेस-बॉलमध्ये ओलं गवत येतं का यावर जातं. पावसाळ्यात तीच वेज स्पिन देत नाही ती याचमुळे. प्रत्येक फटक्याआधी फेस टॉवेलने कोरडा करा, नवीन वेजचे पैसे वाचतील.

लिंक्सवाला:
इंग्लंडमध्ये लँकशरच्या किनाऱ्याजवळ राहतो. इथे लिंक्सवर उन्हाळ्यात फेअरवे करडे पडतात आणि जमीन खणखणीत. सगळे कमी बाउन्सच सांगतात. माझ्याकडे ५८ ला ८ बाउन्स, टाचेकडून घासलेली, आणि वर्षभर तिच्यावर भागतं. हिवाळ्यातल्या पावसातही. मग पुण्याला का चालू नये?

घासकाम:
कारण खालची माती. लिंक्सखाली वाळू असते. पाऊस पडला तरी पाणी खाली निघून जातं आणि गवताचा थर घट्टच राहतो. सोल वाळूवरून घसरतो. काळी माती उलटी वागते: कोरडी झाली की आकसून भेगा पडतात आणि दगड होते, भिजली की फुगून चिकट होते. चिकट माती सोलला धरून ठेवते. पुण्याकडे सगळीकडे अशी माती नाही, काही ठिकाणी खाली मुरूम आहे आणि तिथे पाणी लवकर निचरतं. त्यामुळे आधी आपल्या कोर्सची जमीन बघायला हवी. पहिल्या टीवर नव्हे, जिथून चिप मारतो तिथे लाकडी टी अंगठ्याने दाबून पाहा. सहज अर्धी आत गेली तर मऊ. टोकच जेमतेम गेलं तर टणक.

लिंक्सवाला, तुमच्या वेजला टाच घासलेली आहे हा मुद्दा मात्र महत्त्वाचा. फेस उघडला की वेजचा मागचा भाग आणि टाच खाली येते, कड वर उठते. टाचेकडचं लोखंड काढलेलं असेल तर फेस उघडूनही कड जमिनीला बसून राहते. ग्राइंड त्यासाठीच असतो. एमचा फायदा घ्यायचा तर फेस उघडून खेळणारा हात लागतो. फेस नेहमी सरळ ठेवणाऱ्याने एम घेतला तर घासलेला भाग तसाच पडून राहतो आणि हातात फक्त कमी बाउन्स उरतो.

काळीमाती:
म्हणजे माझ्यासाठी एफ? की डी?

घासकाम:
मी १२ डी म्हणेन. तुमचा ६ डिग्री झुकाव धरला तरी ६ उरतात, जुलैला पुरेसे. टाच आणि मागची कड घासलेली असल्याने बंकरमध्ये फेस उघडता येतो. १४ एफचा सोल पूर्ण आहे, फेस सरळ ठेवून मारायला छान. पण मे महिन्यात बंकरमध्ये वाळू पातळ आणि खाली तळ कडक असेल, आणि तुम्ही फेस उघडलात, तर तो उसळून बॉल थेट समोरच्या काठात जातो. तिथे फेस उघडूच नका.

पण विकत घेण्यापूर्वी हे करा. ५० च्या सोलला व्हाइटबोर्ड मार्करने आडवे पट्टे ओढा, कोरड्या गवतावर दहा-बारा चिप मारा आणि शाई कुठे पुसली ते बघा. पुढच्या कडेलगत पुसली तर तुम्ही खरंच बाउन्स गमावताय. सोलच्या मधोमध पुसली तर क्लब बरा येतोय आणि १० एस पुरेल. मागच्या बाजूला पुसली तर हात मागे आहेत, तुमचं स्वतःबद्दलचं वर्णनच चुकलंय.

रानवारा:
घासकाम यांच्याशी इथे थोडा मतभेद. खड्या कोनातून येणाऱ्याला जास्त बाउन्स देणं म्हणजे आजार तसाच ठेवून पेनकिलर देणं. १० एस घ्या, चिपला बॉल पायांच्या मध्यावर आणा, शाफ्ट जवळजवळ सरळ ठेवा. तेव्हा दहाच्या दहा डिग्री हातात येतात आणि मे महिन्यात डी पेक्षा सोल हलका सरकतो. बॉल मागच्या पायापाशी ठेवायची सवय बहुतेकांनी पिचिंग वेजने रनिंग चिप मारताना लावून घेतलेली असते, ती ५६ ला नडते.

घासकाम:
सवय बदलली तर १० एस, मान्य. जुलैपर्यंत बदलेल का हे तेच सांगू शकतील.

बोगीबहाद्दर:
स्वस्तात जमवायचं तर १४ एफ घ्यायची आणि वर्कशॉपमध्ये टाच घासून घ्यायची. दोन्ही मिळालं.

घासकाम:
होतं, पण तीन गोष्टी ध्यानात घ्या. एक, साधारण २ ग्रॅम लोखंड निघालं की स्विंगवेट एक अंकाने हलकं होतं, म्हणजे डी ३ स्विंगवेटची वेज डी २ होते. ५ ग्रॅम काढलं तर हातालाच कळेल. दोन, क्रोम गेलं की उघडं लोखंड पावसाळ्यात गंजतं. सोलवर गंज चालतो, तेल पुसत राहा. तीन, घासलेलं परत चिकटवता येत नाही, म्हणून थोडं घासून चार दिवस खेळून बघायचं. राउंड चालू असताना मात्र क्लबला हात लावायचा नाही, नियमात बसत नाही.

घासण्याआधी एक सोपा मार्ग: वेज वाकवणं. ५६ ची ५५ केली तर बाउन्सही एकाने कमी होतो, ५७ केली तर एकाने वाढतो. दोन डिग्रीच्या पुढे जाऊ नका, मानेपाशी तडा जाऊ शकतो. तुमचं ५० आणि ५६ मधलं अंतर तसंही ६ आहे, ५५ ने काही बिघडणार नाही.

काळीमाती:
आज सकाळी शाईचा प्रयोग केला. बारा चिप, जमीन कोरडी, टी अंगठ्याने टोकापलीकडे जात नव्हती. नऊ वेळा शाई पुढच्या कडेला लागूनच पुसली, त्यातही टोकाकडच्या बाजूला जास्त. मधोमध फक्त तीन. मग रानवारा यांनी सांगितलं तसं बॉल मध्यावर ठेवून आणखी बारा मारल्या. सातची शाई मधोमध, पण दोन बॉल थेट थिन.

रानवारा:
टोकाकडे जास्त पुसतंय म्हणजे टाच उचलली जातेय. हँडल उंच धरता का? की शाफ्ट आखूड आहे? लाय अँगल बघितल्याशिवाय ग्राइंड ठरवू नका. आणि ते दोन थिन वजन मागच्या पायावर राहिल्याने असतील. पुढच्या पायावर साठ टक्के वजन ठेवून पुन्हा बारा मारा.

काळीमाती:
हँडल उंच धरतो, हो. रविवारी पुन्हा शाई लावतो. तोपर्यंत दुकानदाराला १२ डी आणि १० एस दोन्ही बाजूला काढून ठेवायला सांगितलंय.