बी-३०४ च्या विक्रीचे मूल्यांकन आणि कर्जाची मर्यादा : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०४ : सर्व सभासदांना नमस्कार. माझ्या सदनिकेचा व्यवहार ९२ लाखांना ठरला असून विसार पावतीही झाली आहे. खरेदीदाराला बँकेकडून ८० टक्के, म्हणजे ७३ लाख ६० हजार रुपये कर्ज मिळेल असे गृहीत धरले होते. काल बँकेने कळवले की त्यांच्या व्हॅल्युअरने सदनिकेची किंमत ८४ लाख ७५ हजार धरली आहे, त्यामुळे कर्ज ६७ लाख ८० हजारच मिळेल. व्हॅल्युअर जेमतेम वीस मिनिटे घरात होता. वीस मिनिटांत तेवीस वर्षांच्या घराची किंमत सव्वासात लाखांनी कमी कशी ठरते, हे मला समजून घ्यायचे आहे. ए-७०२ मधल्या ताई याच क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. खरेदीदाराने पाठवलेली अहवालाची पाने मी त्यांना वैयक्तिक पाठवली आहेत.

ए-७०२ : काका, नमस्कार. मी स्वतः दोन बँकांच्या पॅनेलवर आहे. मात्र राहत्या सोसायटीतले काम मी घेत नाही, त्यामुळे हा अहवाल माझा नाही. पाने पूर्ण वाचली. माझ्या मते अहवाल बरोबर आहे, आणि ज्या ठिकाणी तुमचा व त्याचा हिशेब वेगळा झाला ते मुख्य ठिकाण दर नसून क्षेत्रफळ आहे.

तुमच्या एजंटने ७२० चौरस फूट कार्पेट धरून १२,८०० च्या दराने ९२ लाख १६ हजार काढले आणि व्यवहार ९२ ला बसवला. व्हॅल्युअरने लेझर मीटरने खोल्या मोजल्या तेव्हा त्यालाही ७२० च्या आसपासच मिळाले. पण त्याच्या हातात महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची प्रत होती, आणि त्या नकाशात तुमच्या हॉलच्या पुढचा ७० चौरस फुटांचा भाग खोली म्हणून नाही, उघडी टेरेस म्हणून दाखवला आहे. तुम्ही तिथे भिंत काढून सरकत्या खिडक्या बसवल्या आणि टाइल्स हॉलशी जुळवून घेतल्या. आज तिथे दिवाण आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला तो हॉलच वाटतो; पण अहवालातल्या तिसऱ्या फोटोत छताच्या तुळईची जुनी कड स्पष्ट दिसते, आणि मूळ घराची हद्द तिथे संपते. बँकेचा तारण हक्क मंजूर बांधकामावर असतो. उद्या महापालिकेने टेरेस मोकळी करायला लावली, तर ती खोली बँकेच्या हातात उरणार नाही. म्हणून त्याने ६५० चौरस फूट पूर्ण दराने आणि ७० चौरस फूट टेरेस त्या दराच्या चाळीस टक्क्यांनी धरली आहे.

बी-३०४ : टेरेस बंद करून पंधरा वर्षे झाली, आजवर कोणी हरकत घेतली नाही. ते असो. परंतु दरही १२,५०० च धरला आहे. मागच्या गल्लीतल्या नव्या इमारतीत याच वर्षी १४,९०० ने सदनिका गेली, हे सर्वांना माहीत आहे.

ए-७०२ : तो व्यवहार त्याने विचारात घेतला आहे, आणि कसा घेतला हे समजून घेणे उपयोगाचे आहे. आम्ही दर जाहिरातींवरून ठरवत नाही, कारण जाहिरातीत विकणाऱ्याची अपेक्षा असते. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे अधिकृत उतारे, काढतो आणि शक्यतो गेल्या वर्षभरातले, जवळचे, सारख्या प्रकारच्या घरांचे दोन-तीन व्यवहार निवडतो. या अहवालात तीन आहेत. आपल्याच सी विंगमधली सदनिका चौदा महिन्यांपूर्वी ११,८०० ने गेली. त्यानंतर भाव थोडे वाढले म्हणून त्याने तो आकडा वर नेला. शेजारच्या, आपल्याएवढ्याच जुन्या सोसायटीतली पाच महिन्यांपूर्वीची नोंद १२,६०० ची आहे. तिसरी नोंद तुम्ही म्हणता ती नवी इमारत.

नव्या इमारतीचा दर जुन्या इमारतीला लावताना घसारा वजा करावा लागतो, परंतु तो संपूर्ण दरावर लावत नाहीत. जमिनीचे वय वाढत नाही, बांधकामाचे वाढते. त्या १४,९०० पैकी सुमारे साडेतीन हजार बांधकामाचे आणि उरलेले जागेचे, असे त्याने धरले. आरसीसी इमारतीचे आयुष्य साठ वर्षे आणि अखेरीस दहा टक्के किंमत शिल्लक राहते असे मानले, तर तेवीस वर्षांत बांधकामाची साडेचौतीस टक्के किंमत झिजते. साडेतीन हजारांवर हा आकडा सुमारे १,२०० येतो. दोन लिफ्ट, जनरेटर आणि प्रत्येकाला हक्काचे पार्किंग या सोयी आपल्याकडे नाहीत, त्याचे आणखी १,२०० वजा केले. उरले १२,५००. सोयींचा हा दुसरा आकडा मात्र सूत्रातून येत नाही, तो मूल्यांकनकाराच्या अंदाजाचा भाग असतो. माझ्या हातून तो कदाचित हजार झाला असता. तेवढ्याने तुमची किंमत सव्वा-दीड लाखाने वाढली असती, सव्वासात लाखांनी नाही.

६५० गुणिले १२,५०० म्हणजे ८१ लाख २५ हजार, आणि टेरेसचे ७० गुणिले ५,००० म्हणजे साडेतीन लाख. एकूण ८४ लाख ७५ हजार.

बी-२०५ : मग यावर उपाय सोपा आहे. करारनामाच ९८ लाखांचा करावा, म्हणजे ८० टक्क्यांचा आकडा आपोआप वाढेल. माझ्या मेव्हण्याच्या वेळी असेच केले होते.

ए-७०२ : दादा, असे कृपया कोणी करू नका. बँक करारनाम्याची किंमत आणि मूल्यांकन या दोन्हींपैकी कमी असलेली रक्कम धरते. करार ९८ चा केला तरी आधार ८४ लाख ७५ हजारच राहील. उलट वाढीव सहा लाखांवर खरेदीदाराला सात टक्के दराने ४२ हजार रुपये जादा मुद्रांक शुल्क भरावे लागेल, आणि प्रत्यक्षात न दिलेली रक्कम कागदावर आल्याने काकांच्या भांडवली नफ्याचा हिशेबही बिघडेल.

सी-४०३ : ताई, माझ्या मुलीचे वाकडला ९६ लाखांच्या घराचे चालले आहे. कोणी ८० टक्के सांगते, कोणी ७५. नक्की नियम काय आहे?

ए-७०२ : रिझर्व्ह बँकेने घराच्या कर्जासाठी लोन टू व्हॅल्यू, म्हणजे कर्जाचे तारणाच्या किमतीशी असलेले प्रमाण, कर्जाच्या रकमेनुसार बांधून दिले आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांदरम्यान ८० टक्क्यांपर्यंत, आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत. टप्पा ठरतो तो कर्जाच्या रकमेवरून, घराच्या किमतीवरून नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

तुमच्या मुलीच्या घराचे मूल्यांकनही ९६ लाख आले असे धरू. ८० टक्क्यांनी ७६ लाख ८० हजार होतात, पण ती रक्कम ७५ लाखांच्या वर गेल्याने ८० चा टप्पाच लागू होत नाही. ७५ टक्के लावले तर ७२ लाख येतात. तरीही तिला ७५ लाख मिळू शकतात, कारण बरोबर ७५ लाखांचे कर्ज मधल्या टप्प्यात बसते आणि ते ९६ लाखांच्या साधारण ७८ टक्के भरते. याचा परिणाम असा, की मूल्यांकन ९३ लाख ७५ हजारांपासून एक कोटीपर्यंत कुठेही आले, तरी कमाल कर्ज ७५ लाखच राहते. त्या पट्ट्यातले घर पाहताना वाढीव किमतीचा प्रत्येक रुपया स्वतःच्या खिशातून जातो, हे तिला आवर्जून सांगा. तिच्या पगारातून हप्ता किती झेपतो याची मर्यादा वेगळी असते. दोन्हींतली कमी रक्कम मंजूर होते.

बी-३०४ : मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत मिळवून त्यावर कर्ज का देत नाहीत? खरेदीदाराचा तोही खर्च आहेच.

ए-७०२ : खर्च खरा आहे, पण घर विकून तो परत मिळत नाही. अगदी स्वस्त घरांसाठी, म्हणजे दहा लाखांपर्यंतच्या, रिझर्व्ह बँकेने सवलत ठेवली आहे. इतरांसाठी ही रक्कम किमतीत धरता येत नाही. तुमच्या खरेदीदाराचा हिशेब आता असा आहे : ९२ लाखांपैकी कर्ज ६७ लाख ८० हजार, म्हणून घरासाठी स्वतःचे २४ लाख २० हजार, त्याशिवाय सात टक्क्यांचे मुद्रांक शुल्क ६ लाख ४४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार. एकूण जवळपास ३१ लाख. त्याने २५ लाखांची तयारी केली होती.

अहवालाच्या शेवटच्या पानावर आणखी एक आकडा आहे. घाईत, जप्तीनंतर विकावे लागल्यास येणारी किंमत त्याने बाजारभावाच्या ८० टक्के, म्हणजे ६७ लाख ८० हजारच लिहिली आहे. कर्जाचा आकडाही तोच, हे लक्षात घ्या. पहिल्या काही वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो आणि मुद्दल फारसे हलत नाही. त्या काळात हप्ते थांबले, तर लिलावातून आलेल्या पैशांत मुद्दल भागते, परंतु थकलेले व्याज आणि वसुलीचा खर्च भागत नाही. बँकेने यापेक्षा एक लाख जरी जास्त दिले, तरी ते पहिल्या दिवसापासून तारणाबाहेर असतील.

बी-३०४ : आता मी काय करावे? खरेदीदार सज्जन आहेत, व्यवहार मोडावा असे त्यांना किंवा मला वाटत नाही. उरलेले वैयक्तिक कर्जाने भागवू का, असे ते विचारत होते.

ए-७०२ : वैयक्तिक कर्ज नको. त्याचा हप्ता त्यांच्या उत्पन्नातून वजा होईल आणि गृहकर्जाची पात्रता आणखी खाली येईल. दुसऱ्या बँकेत अर्ज करता येतो, पण तिथला व्हॅल्युअरही मंजूर नकाशाच मागेल. तेवढ्यासाठी दुसरी प्रक्रिया फी भरू नये. फेरविचाराची विनंती तेव्हाच टिकते जेव्हा अहवालात दाखवता येईल अशी चूक असते, जसे की मोजमाप चुकले, किंवा जवळचा नोंदलेला व्यवहार सुटला. इथे मला एकच जागा दिसते. त्याने इमारतीच्या स्थितीपुढे ‘साधारण’ लिहिले आहे, कारण जिन्यातल्या दोन खांबांना भेगा दिसल्या आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल त्याला मिळाला नाही. त्या खांबांची दुरुस्ती गेल्या वर्षी झाली आहे, दिसतात त्या वरच्या गिलाव्याच्या भेगा आहेत. हा कागद दिल्यास दर दोन-अडीचशेने सुधारू शकतो. म्हणजे किंमत साधारण दीड लाखाने वाढेल, कर्ज सव्वा लाखाने. त्यापुढचे अंतर तुम्हा दोघांना किमतीवर बोलूनच भरावे लागेल, आणि ७२० फुटांचा भाव घेऊन ६५० फूट आणि टेरेस विकली जात आहे, हे त्या बोलण्यात मोकळेपणाने यावे असे मला मनापासून वाटते.

सचिव, सी-१०१ : ऑडिटचा अहवाल, दुरुस्ती पूर्ण झाल्याचा अभियंत्याचा दाखला आणि मंजूर नकाशाची प्रत सोसायटीच्या कार्यालयात आहे. काका, उद्या सकाळी दहा वाजता या, साक्षांकित प्रती देतो.

बी-३०४ : येतो. खरेदीदारांनाही सोबत घेऊन येतो, म्हणजे नकाशा दोघांनी एकत्र पाहता येईल. मी ८८ पर्यंत खाली यायला तयार आहे, हे त्यांना तिथेच सांगेन.