सुटलेल्या कॉलचा निरोप वाचायचा की ऐकायचा?

रेवा_लिहिते: व्हॉइसमेलवर ठेवलेला निरोप हल्ली नोटिफिकेशनमध्येच मजकूर होऊन दिसतो. त्यामुळे ऑडिओ उघडणं मी जवळजवळ सोडून दिलंय. असं करण्यात काही धोका आहे का?

चक्रपाणी: धोका कसला? उलट सुटका झाली. पूर्वी व्हॉइसमेलला फोन लावा, पिन टाका, आधीचे सगळे निरोप ऐका, मग कुठे हवा तो यायचा. २००७ च्या पहिल्या आयफोनने निरोपांची यादी दाखवून त्यातला हवा तो थेट ऐकायची सोय दिली. आता ऐकायचीही गरज नाही. मीटिंगमध्ये बसून वाचता येतं, अजून काय हवं?

जुनी_लाइन: मी दूरसंचारात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून चक्रपाणींना विरोध करतो. निरोपाचा आशय मजकुरातून बहुतेक वेळा बरोबर कळतो. चुका होतात त्या नेमक्या आकड्यांत आणि नावांत. साध्या फोन कॉलवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुढे जातो. स, श, फ यांची बरीचशी ओळख त्याच्या वर असते, ती तिथेच गळते. ऐकणारा माणूस किंवा यंत्र ती उणीव संदर्भावरून भरून काढतं. "मी बसने येतोय" यात 'बस' नीट ऐकू आलं नाही तरी वाक्य सांभाळून घेतं. पण फोन नंबरात सातानंतर कुठलाही अंक येऊ शकतो, तिथे संदर्भाचा आधारच नाही.

समजा निरोप असा आहे: "साठ नंबरच्या खोलीत या, सकाळी नको, दुपारी." मजकुरात आलं, "सात नंबरच्या खोलीत या, सकाळी, दुपारी." दोन चुका झाल्या, पण वाचताना खटकतं काय? खोली सात असू शकते. "सकाळी, दुपारी" हे जरा विचित्र वाटेल, पण घाईत कोण थांबतंय? ऐकताना आवाज खरखरला की आपण सावध होतो. मजकुरात चुकलेला शब्दही बरोबर शब्दाइतकाच स्वच्छ दिसतो.

चक्रपाणी: आयफोन न कळलेल्या शब्दाच्या जागी रेघ ओढून मोकळी जागा सोडतो की. म्हणजे खात्री नसेल तिथे तो सांगतोच.

जुनी_लाइन: जिथे यंत्रालाच शंका आली, तिथे. 'साठ' ऐवजी 'सात' खात्रीने ऐकलं तर रेघ कशाला येईल?

मंदार_घाईत: माझ्या फोनवर हे काही येतच नाही! रिंग वाजते आणि लोक म्हणतात, कुठल्यातरी मशीनवर बोलून आलो. निरोप मात्र मला मिळत नाही. नोटिफिकेशनच्या सगळ्या सेटिंग तपासल्या.

जुनी_लाइन: मंदार, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही उचलला नाहीत की कॉल दुसऱ्या नंबरवर वळतोय. डायलरमध्ये `*#61#` लावा, कुठे वळतोय आणि किती सेकंदांनी ते बहुतेक नेटवर्कवर दिसतं. तो नंबर तुमच्या ऑपरेटरच्या व्हॉइसमेलचा नसेल, तर `##61#` ने वळवणं काढून टाका. फोन बंद असताना किंवा लाइन व्यग्र असताना वळवण्याचे कोड वेगळे आहेत, ते याने जात नाहीत.

अबोली_क: मला तर वाटतं सगळं फोनमध्येच होतं, बाहेर काही जात नाही. त्यामुळे खाजगीपणाची काळजी नको. आणि फोन बंद असला तरी निरोप वाचायला मिळतोच.

शाईपेन: अर्धं बरोबर. आयओएस १७ मध्ये २०२३ ला आलेल्या लाइव्ह व्हॉइसमेलमध्ये समोरचा बोलत असतानाच मजकूर उमटतो, तो फोनवरच बनतो, आणि मध्येच कॉल उचलताही येतो. पण फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर बोलणं ऐकायला फोन कुठे आहे? तेव्हा निरोप ऑपरेटरच्या व्हॉइसमेलवर जातो. तुमच्या ऑपरेटरची सोय कशी आहे ते त्यांनाच विचारावं लागेल.

बाकी मी चक्रपाणींच्या बाजूने. मला ऐकायला कमी येतं. माझ्यासाठी चुकीचा आकडा असलेला मजकूरसुद्धा काहीच न कळण्यापेक्षा बरा. आकडा असला की मी उलट मेसेज करून विचारते: "खोली ६० की ७?" ऑडिओ ऐका हा सल्ला सगळ्यांच्या कामाचा नाही.

जुनी_लाइन: हे मी धरलंच नव्हतं. लिहून खात्री करणं ऐकण्याहूनही पक्कं.

रेवा_लिहिते: आणि लॉक स्क्रीनवर तो मजकूर टेबलावरच्या कोणालाही दिसतो, त्याचं काय? काही सेवा पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. मी तेव्हा कॉल उचलला नाही, तर कोड व्हॉइसमेलवर आणि तिथून पडद्यावर.

चक्रपाणी: लॉक असताना प्रिव्ह्यू लपवा, संपलं.

शाईपेन: पडद्यापुरतं संपलं. व्हॉइसमेलचा पिन अजून सुरुवातीला मिळालेलाच ठेवला असेल, तर ऐकणाऱ्याला तुमच्या पडद्याची गरजच नाही.

चक्रपाणी: पिन बदलतो आजच. ऐकणार मात्र नाही.