सातवीला औपचारिक पत्र शिकवायचंय, खऱ्या कामासाठी. मदत हवी आहे

सातवी_ब (वडोदरा): मराठी माध्यमाच्या सातवीला शिकवते. पत्राचा साचा मुलांना पाठ आहे, पण ‘नम्र विनंती’ करून झाल्यावर नेमकं हवंय काय, ते कळतच नाही. म्हणून यंदा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीला खरंच पत्र पाठवायचंय : तिथला काचेच्या फरशीचा पुस्तकसाठा वर्गाला दाखवा, म्हणून. तपासायची यादीही देणार आहे. पण निबंधाला यादी दिली तेव्हा मुलांनी न वाचताच सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. काय करू?

जुना_ग्वाल्हेरी: पाठवणाऱ्याचा पत्ता उजव्या कोपऱ्यात, त्याखाली तारीख. एवढं घोटून घ्या, बाकी आपोआप येतं.

खडू_आणि_डस्टर: काका, महाराष्ट्राच्या दहावीच्या आराखड्यात आता सगळं डावीकडून असतं : दिनांक, प्रति, विषय, महोदय, आपला पत्ता शेवटी नावाखाली. ताई, तुमच्या पुस्तकात जो असेल तोच एक ठेवा.

पण मांडणी नंतर. आधी एका मुलीला ग्रंथपाल करून टेबलामागे बसवा आणि विचारा, ‘हो’ म्हणायला तुला काय कळायला हवं? कोणता दिवस, किती मुलं, किती वेळ, सोबत शिक्षक किती, उत्तर कुठे कळवायचं, असं मुलंच सांगतील. तीच तुमची यादी, क्रमांक घालून फळ्यावर लिहा.

मग ‘विषय : भेटीबाबत’ हे अपुरं आहे, हे त्यांनाच दिसेल. ‘विषय : इयत्ता सातवीच्या ३२ विद्यार्थ्यांना पुस्तकसाठा पाहण्याची परवानगी मिळण्याबाबत’ असं हवं.

खुणा बंद करा. वह्या बदलून शेजाऱ्याने पत्रातली ओळ अधोरेखित करायची आणि समासात यादीतला क्रमांक लिहायचा. ज्या क्रमांकाला ओळच सापडली नाही, ती माहिती राहिली.

इंदूरची_आई: आमच्या मुलाचे ‘आपला आज्ञाधारक’ लिहिल्यामुळे गुण कापले हो! हे चुकीचं आहे का?

खडू_आणि_डस्टर: मुख्याध्यापकांना लिहिताना चालतं. बाहेरच्या अधिकाऱ्याला ‘आपला विश्वासू’.

सातवी_ब: वह्या बदलायची युक्ती उद्याच करते. पण पाठवायचं कोणतं, एक निवडायचं की सगळ्यांची?

खडू_आणि_डस्टर: एकच, वर्गप्रतिनिधीच्या नावाने. घरचे पत्ते नकोत, शाळेचा द्या. शेवटी ‘सोबत : मुख्याध्यापकांचे पत्र’ लिहून ते जोडा, नाहीतर मुलांच्या पत्रावर कोणी परवानगी देणार नाही.

जुना_ग्वाल्हेरी: एक निवडलं तर बाकीच्यांचा हिरमोड होईल. सगळी एका पाकिटात घाला की!

मांडवी_नाका: आणि मराठीत लिहिलेलं तिथे वाचेल कोण? मराठी वाचक पुष्कळ येतात, पण टेबलावर गुजरातीच चालते.

सातवी_ब: मुख्याध्यापकांचं पत्र गुजरातीत जाईल. मुलांचं मराठीतच ठेवावं असं वाटतंय, पण मग ‘खऱ्या कामाचं’ पत्र कोणतं ठरलं? यावर कोणी सांगा.